निकाल १० टक्क्यांनी घटला की ११ टक्क्यांनी? शाळेत भांडण लागलंय

डोंगरमास्तर
मंडळी, एक बारीक प्रश्न आहे पण त्यावरून काल आमच्या स्टाफरूममध्ये चहा थंड झाला. माध्यमिक शाळा, छोटं गाव, दहावीला दोन्ही वर्षी बरोबर ४० मुलं. गेल्या वर्षी ३६ पास, म्हणजे ९० टक्के. यंदा ३२ पास, म्हणजे ८० टक्के. आता वरून एक एक्सेलची शीट भरायला आलीय त्यात एक रकाना आहे, "मागील वर्षाच्या तुलनेत वाढ / घट (%)". मी लिहिलं १०. आमचे क्लार्क म्हणतात सर ११.११ येतं, मी गणिताचा मास्तर असून मला शिकवतायत. त्यांनी शीट उघडून दाखवली आणि खरंच ११.११ येत होतं. मग हेडसर म्हणाले कुठलंही लिहा पण कमी दिसेल ते लिहा. नक्की बरोबर काय?

झटपट_उत्तर
सर तुम्ही बरोबर. ९० वजा ८० बरोबर १०. टक्केवारीतून टक्केवारी वजा करायची असते, भागाकार करायचाच नसतो, क्लार्क चुकले. विषय संपला.

आकडेमोड
विषय संपला नाही हो. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. मास्तर सांगतायत की शंभर मुलांमागे आधी ९० पास व्हायची आता ८० होतात, म्हणजे दर शंभरामागे १० कमी. क्लार्क सांगतायत की आधी जेवढा निकाल होता त्याच्या तुलनेत तो नवव्या हिश्श्याने खाली आला. १० ला ९० ने भागा, ११.११. पहिल्याला इंग्रजीत परसेंटेज पॉइंट म्हणतात, मराठीत कुणी टक्केबिंदू म्हणतं कुणी टक्केवारी अंक, मी पॉइंटच म्हणतो. गोंधळ होतो तो दोन्हीपुढे तेच % चिन्ह लागतं म्हणून. आणि एक्सेल तर दोघांनाही खूष करतं. रकान्याचा फॉरमॅट टक्केवारीचा असेल, B2 मध्ये ९०% आणि C2 मध्ये ८०% असेल तर,

```
=C2-B2
=(C2-B2)/B2
```

वरचं -१०.००% दाखवतं आणि खालचं -११.११%, दिसायला दोन्ही सारखेच, आत कुठलं सूत्र आहे ते सेलवर क्लिक केल्याशिवाय कळत नाही. म्हणून मास्तर, आधी त्या शीटमध्ये वरच्यांनी आधीच सूत्र टाकून ठेवलंय का ते बघा.

डोंगरमास्तर
सूत्र नाहीये, कोरा रकाना आहे, आपणच आकडा टाकायचा. क्लार्कनी स्वतः शेजारच्या सेलमध्ये काढला होता.

निशिगंध७७
माझ्या मुलीला दहावीला ८९.४० पडलेत, सायन्सला कुठलं कॉलेज मिळेल? नाशिक रोड साइडला. आणि हे पर्सेंटाइल वेगळं असतं का?

आकडेमोड
@निशिगंध७७ ताई, अभिनंदन, पण इथे शाळेच्या एकूण निकालाचं चाललंय, प्रवेशाचा वेगळा धागा काढा ना. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मुलीच्या मागे शंभरातली किती मुलं आहेत ते, त्याचा ह्या भांडणाशी संबंध नाही.

खडू_आणि_डस्टर
मी पण शिक्षिका. मला वाटतं सर की हा फरक एवढा मोठा करण्यासारखा नाहीये, दहा आणि अकरा, सारखंच की. बोर्डाचा निकाल बघा, मार्च २०२४ चा दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ आणि २०२५ चा ९४.१०. वजा केलं तर १.७१. भागून काढलं तर १.७८. कोणाला काय फरक पडतो? सगळे "पावणेदोन टक्क्यांनी घसरला" म्हणून मोकळे होतात.

आकडेमोड
ताई तुमचं उदाहरण मस्त आहे पण त्यातून उलटी गोष्ट निघते. १.७१ आणि १.७८ एवढे जवळ आलेत कारण निकाल शंभरच्या जवळ आहे. जवळजवळ शंभराने भागल्यावर आकडा बदलणार कुठून? म्हणून निकालाच्या बातम्यांमध्ये ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. पण तोच निकाल दुसऱ्या टोकाने धरा. पास ९५.८१ म्हणजे पास न झालेले ४.१९. पुढच्या वर्षी ते ५.९०. फरक पुन्हा १.७१ च, तोच पॉइंट, पण आता ४.१९ ने भागा. जवळजवळ ४१ टक्के वाढ! म्हणजे एकाच घटनेवर दोन मथळे होतात, "निकाल जेमतेम पावणेदोन टक्के घसरला" आणि "नापासांचं प्रमाण ४१ टक्क्यांनी वाढलं", आणि गंमत म्हणजे दोन्हीत खोटं काही नाही. कुणाला काय दाखवायचंय त्यावर ठरतं.

मास्तरांच्या शाळेत तर अजून सोपं आहे. नापास ४ चे ८ झाले. म्हणजे दुप्पट, १०० टक्के वाढ. हेडसरांना हे सांगू नका.

डोंगरमास्तर
हेडसरांना सांगितलं तर ते मला शीट भरायला परत बसवतील. पण हे पटलं. म्हणजे १० हा आकडा पासकडून बघा की नापासकडून बघा १० च राहतो, आणि टक्क्यातली वाढ-घट मात्र कुठून बघताय त्यावर ११ पण होते आणि १०० पण.

झटपट_उत्तर
म्हणजे मी म्हणत होतो तेच ना! वजाबाकीच खरी. बाकी सगळा आकड्यांचा खेळ. +१ मलाच.

खडू_आणि_डस्टर
पण मग एक सांगते, वजाबाकीने पण फसायला होतं. २०१९ ला राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० लागला होता आणि २०२० ला एकदम ९५.३०. अठरा पॉइंट वर. लोक म्हणाले काय मुलं हुशार झाली. अहो २०१९ ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी परत दिले. मग १८ म्हणा की साडेतेवीस टक्के म्हणा, दोन्ही निरर्थकच, कारण परीक्षाच तीच राहिली नव्हती.

आकडेमोड
१००% सहमत (हे बरोबर वापरलं ना).

सई_ठाणेकर
मी निकालवाली नाही, गृहकर्जवाली आहे, पण धागा वाचून राहवेना. मी २०२१ मध्ये फ्लॅट घेतला, ३० लाख, २० वर्षं, तेव्हा दर साडेसहा होता, आम्ही किती खूष. मग २०२२ मध्ये रेपो वाढायला लागला आणि बातम्यांमध्ये यायचं पाव टक्का वाढला, अर्धा टक्का वाढला. मी म्हणायचे अर्धा टक्का म्हणजे काय, माझा २२ हजाराचा हप्ता आहे त्याच्यावर अर्धा टक्का म्हणजे १११ रुपये, चालतंय. तसे सहा वेळा झाले. आणि मग एक दिवस स्टेटमेंट काढलं तर हप्ता तोच पण मुद्दलात जवळजवळ काहीच जमा नाही, सगळं व्याजात. मी बँकेत जाऊन भांडले, तिथला मुलगा म्हणाला मॅडम अडीच टक्केच वाढलंय. मला आजही तो "अडीच टक्केच" आठवला की डोकं फिरतं.

झटपट_उत्तर
मॅडम, रेपो ४ चा साडेसहा झाला, म्हणजे ६२.५ टक्क्यांनी वाढला, अडीच नाही. त्यामुळे तुमचा व्याजदर पण ६२.५ टक्क्यांनी वाढायला हवा होता, म्हणजे साडेदहाच्या वर. बँकेने तुम्हाला उलट स्वस्तात सोडलंय.

पासबुकवाले_काका
आता मला बोलावं लागेल. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. झटपटराव, वर तुम्ही म्हणत होतात वजाबाकीच खरी, आता इथे भागाकार करून बसलात, आणि तोही नको तिथे.

बँक असं करत नाही हो. आता नवीन गृहकर्जं बहुतेक रेपोला जोडलेली असतात, ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना ते बाह्य निकषाला जोडावंच लागतं. त्यात बँक काय करते, रेपो घेते आणि त्यावर स्वतःचा स्प्रेड *मिळवते*. गुणत नाही. सईताईंचं बघा, रेपो ४, स्प्रेड अडीच, झाला साडेसहा. पुढे रेपो साडेसहा, स्प्रेड तोच अडीच, झाला ९. म्हणजे रेपोतले अडीच पॉइंट जसेच्या तसे कर्जात उतरले. पण टक्क्यात बघाल तर रेपो वाढला ६२.५ टक्के आणि कर्जाचा दर वाढला साडेअडतीस टक्के, कारण अडीचला एकदा ४ ने भागलं आणि एकदा ६.५ ने. पॉइंट पुढे सरकतात, टक्के सरकत नाहीत. म्हणून आमच्यात कोणी टक्के बोलतच नव्हतं, बेसिस पॉइंट बोलायचे, एका टक्केबिंदूचे शंभर. मे २०२२ ला ४०, मग तीनदा ५०-५०, डिसेंबरला ३५, फेब्रुवारी २०२३ ला २५. बेरीज करा, २५०. टक्क्यातल्या वाढी अशा सरळ बेरजेत बसत नाहीत.

सई_ठाणेकर
काका हे समजलं, पण मग माझे १११ रुपये कुठे चुकले?

पासबुकवाले_काका
ताई, तुम्ही अर्धा टक्का *हप्त्याचा* काढलात. तो अर्धा टक्का असतो शिल्लक *कर्जाचा*, वर्षाला. ३० लाखाचा अर्धा टक्का म्हणजे वर्षाला १५,०००, महिन्याला १,२५०. तुमच्या १११ च्या अकरा पट. बातमीत "अर्धा टक्का" ऐकला की लोक समोर दिसणाऱ्या रकमेवर लावतात, आणि समोर दिसतो हप्ता.

आता अडीचचं पूर्ण गणित मांडतो, सोपं जावं म्हणून धरा की कर्ज पहिल्या दिवसापासून त्याच दराने आहे. साडेसहाने हप्ता २२,३६७. नऊने २६,९९२. महिन्याला ४,६२५ जास्त, म्हणजे हप्ता साधारण २१ टक्क्यांनी वर. पहिल्या महिन्याचं व्याज १६,२५० चं २२,५०० होतं, ते साडेअडतीस टक्क्यांनी वर. आणि २० वर्षांचं एकूण व्याज २३ लाख ६८ हजारावरून ३४ लाख ७८ हजार, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के जास्त. वाढ एकच, अडीच पॉइंट. टक्के विचाराल तर २१, साडेअडतीस, ४७, कशाचे टक्के विचारता त्यावर. तो काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता, पण त्याने "अडीच" च्या पुढचं "पॉइंट" गिळलं आणि तुम्हाला ऐकू आलं की माझा खर्च अडीच टक्के वाढला.

आता स्टेटमेंटचं. नऊ टक्क्याने ३० लाखावर महिन्याचं व्याजच २२,५००, आणि तुमचा जुना हप्ता २२,३६७. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही. तुमचं एक वर्षाचं फेडून झालं होतं असं धरलं तर शिल्लक २९ लाख २४ हजार, त्यावर व्याज २१,९३३, म्हणजे मुद्दलात गेले ४३४ रुपये. त्या गतीने कर्ज फिटायला ४४ वर्षं लागली असती. दर टप्प्याटप्प्याने वाढला म्हणून तुमचे नेमके आकडे थोडे वेगळे असतील, पण चित्र हेच.

सई_ठाणेकर
४३४!! हो हो असाच काहीतरी तीन आकडी होता, मला वाटलं प्रिंट चुकलं.

पासबुकवाले_काका
चुकलं नव्हतं. बँकांनी तेव्हा सर्रास हप्ता तोच ठेवून मुदत ताणली, ग्राहकाला न विचारता. पुढे ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही हे विचारा, स्थिर दरावर जायचा पर्याय द्या, आणि हप्ता व्याजाहून कमी पडेल इतकी मुदत ताणू नका. तुम्ही आता हप्ता वाढवून घेतलाय ना?

सई_ठाणेकर
हो, बोनसमधून थोडं मुद्दल पण भरलं. २०२५ मध्ये रेपो साडेसहाचा सव्वापाच झाला तेव्हा जरा श्वास आला.

पासबुकवाले_काका
सव्वा पॉइंट उतरला. वर जाताना अडीच गेला होता, म्हणजे बरोबर निम्मा परत आला. हे पॉइंटमध्ये लगेच कळतं. टक्क्यात सांगितलं असतं तर वर जाताना ६२.५ आणि उतरताना १९, तुम्हाला वाटलं असतं तिसरा हिस्सा पण परत आला नाही.

बाभळीचा_काटा
काका तुमचं बँकेचं राहू द्या, आमच्याकडचं ऐका. आमच्या गावात बँकेच्या आधी सावकार. तिथे "दोन टक्क्याने पैसे" म्हणजे शेकडा दोन रुपये, *महिन्याला*. दुष्काळाच्या वर्षी तोच माणूस म्हणतो ह्या टायमाला तीन टक्के. माझा भाऊ म्हणला एकच टक्का वाढला की, काय होतंय. आता तुम्हीच सांगा एक टक्का वाढला का किती?

झटपट_उत्तर
तीन वजा दोन, एक पॉइंट. सोपं.

बाभळीचा_काटा
महिन्याचा एक हो. वर्षाचं धरा, चोवीसचे छत्तीस झाले, तुमच्या भाषेत बारा पॉइंट. एकाच कर्जाला एक पण आणि बारा पण? मग ती तुमची वजाबाकी कुठं खरी राहिली? आणि लाखाला महिन्याला दोन हजाराच्या ऐवजी तीन हजार द्यायचे, म्हणजे दीडपट. महिन्याचं धरा वर्षाचं धरा, दीडपट ते दीडपटच. भाऊ "एकच टक्का" म्हणून बसला.

आकडेमोड
वा. हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता आला. बरोबर आहे, पॉइंट हे दर कुठल्या मापात मोजलाय त्याला चिकटलेले असतात, महिन्याचा दर की वर्षाचा. टक्क्यातली वाढ मापाला चिकटलेली नसते, दोन्हीकडे ५० टक्केच. म्हणजे वर नापासांच्या बाबतीत टक्के फसवत होते आणि पॉइंट स्थिर होते, इथे बरोबर उलटं झालं. झटपटराव, तुमचं "वजाबाकीच खरी" इथे मोडलं.

झटपट_उत्तर
मोडलं नाही, वर्षाचाच दर धरायचा असा नियम आहे. पण ठीक आहे, सावकाराला कोण नियम सांगणार.

बाभळीचा_काटा
सावकाराला नियम माहीत असतात हो, घेणाऱ्याला नसतात.

हळदी_कुंकू
आमच्याकडे सणाच्या वेळी एका पतसंस्थेचं पत्रक आलं होतं, सोनेतारण कर्ज, "व्याजदरात १० टक्के सूट". आधीचा दर १२ होता. सासूबाई म्हणाल्या बारातून दहा गेले, दोन टक्के, घे गं पटकन. मी गेले तर दर १०.८०. मी म्हणाले फसवलंत, तर ते म्हणाले बाराचे दहा टक्के १.२०, तेवढे कमी केलेत, हिशोब करा. हिशोब बरोबरच होता, काय बोलणार. लाखाला वर्षाला बारा हजाराच्या जागी दहा हजार आठशे.

पासबुकवाले_काका
दोन टक्क्याने सोनेतारण कुणी देत नाही ताई, सासूबाईंना सांगा. पण ही पत्रकं लिहिणाऱ्याला बरोबर माहीत असतं. सूट द्यायची असेल तर "१० टक्के सूट" लिहितात कारण १.२० पेक्षा १० मोठं दिसतं. आणि दर वाढवायचा असेल तर "फक्त सव्वा टक्का" लिहितात. मी स्वतः अशी पत्रकं वाटलीत, नाही म्हणत नाही. काउंटरवर एकच विचारायचं, सूट धरून वर्षाचा दर किती ते कागदावर लिहून द्या. किती टक्के कमी झाला ते विचारायचंच नाही.

शब्दवेल्हाळ
भाषेच्या अंगाने एक. मराठीत ह्याला शब्द नाही असं म्हणतात पण बोलीत आहे की. "पाव टक्का", "अर्धा टक्का", "सव्वा टक्का" असं कोणी म्हटलं की ते कायम पॉइंटच असतं. रेपो पाव टक्क्याने वाढला म्हणजे ६.२५ चा ६.५० झाला हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं, ६.२५ च्या पाव टक्क्याइतका वाढला असं कोणाच्या मनातही येत नाही. घोटाळा दहा, वीस अशा मोठ्या आकड्यांत होतो. "टक्केबिंदू" हा शब्द छापायला बरा आहे पण तोंडात बसत नाही. "अंक" म्हणावं तर कुठला अंक, आणि "गुण" म्हणालो तर निकालाच्या बातमीत अनर्थ, "निकाल पावणेदोन गुणांनी घसरला" म्हणजे मुलांना पावणेदोन मार्क कमी पडले असंच वाचतील लोक.

खडू_आणि_डस्टर
"शंभरात दहाने कमी" म्हणा ना सरळ. मी वर्गात तेच म्हणते.

शब्दवेल्हाळ
तोंडी छान. १.७१ ला काय म्हणणार, शंभरात एक पूर्णांक एकाहत्तर शतांश मुलं?

आकडेमोड
दहा हजारात १७१ म्हणा :)

डोंगरमास्तर
मंडळी मी परत. शीटचं सांगतो. मी -१० भरलं आणि शेजारच्या शेरा रकान्यात "९० वरून ८०, पट दोन्ही वर्षी ४०" असं लिहिलं. पण आता नवीन लफडं. आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या एका शाळेच्या सरांशी फोन झाला. त्यांच्याकडे शंभर मुलं, निकाल ७५ वरून ६६ वर आला. त्यांनी भागाकार करून -१२ भरलंय. आणि वरच्या ऑफिसात सगळ्या शाळांची एकच यादी लावणार आहेत, जास्त घसरण वरती, म्हणजे कुणाला आधी बोलवायचं ते ठरवायला.

आकडेमोड
थांबा थांबा. हे तर मजेशीर आहे. दोघांनी वजाबाकी केली तर तुम्ही -१० आणि ते -९, म्हणजे तुम्ही जास्त घसरलात, तुम्हाला आधी बोलावणार. दोघांनी भागाकार केला तर तुम्ही -११.११ आणि ते -१२, म्हणजे ते जास्त घसरले. क्रम उलटा होतो! आणि आत्ता यादीत तुमचं एका पद्धतीचं आणि त्यांचं दुसऱ्या पद्धतीचं, -१० आणि -१२, ती तुलना तर कशाचीच नाही.

डोंगरमास्तर
मग खरं जास्त कोण घसरलं?

खडू_आणि_डस्टर
मुलं मोजा ना. त्यांची नऊ जास्त नापास झाली, तुमची चार.

आकडेमोड
तसं केलं तर मोठ्या शाळा कायम वर येणार ताई. मला विचाराल तर निकालासाठी वजाबाकी, कारण ती पासकडून बघा नापासकडून बघा सारखीच राहते. भागाकार केला तर आधीच कमी निकाल असलेल्या शाळेला त्याच घसरणीची जास्त शिक्षा बसते. नापासांच्या बाजूने भागाकार केला तर परत उलटं, तुमचं १० चं २० म्हणजे १०० टक्के आणि त्यांचं २५ चं ३४ म्हणजे ३६ टक्के. शिवाय ४० च्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच पॉइंट, आणि शंभराच्या वर्गात एक मूल म्हणजे एक. तुमच्याकडे चार पोरांना गोवर निघाला असता तरी एवढंच झालं असतं.

पासबुकवाले_काका
मी असतो तर भागाकार घेतला असता. ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्याचं नऊने जाणं जास्त लागतं. पण मी बँकवाला.

झटपट_उत्तर
मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, वजाबाकी.

डोंगरमास्तर
सोमवारी केंद्रप्रमुखांकडे मीटिंग आहे, तिथे हा विषय काढतो की रकान्यात नेमकं काय हवंय ते वर लिहून द्या. क्लार्कनाही घेऊन जातो, ११.११ त्यांनीच आधी काढलं होतं. हेडसर म्हणतायत जाऊ नका, यादीत सध्या आपण खाली आहोत ते बरंय.

निशिगंध७७
प्रवेशाचा धागा काढला मी, पण तिथे कोणीच उत्तर देत नाहीये. ८९.४० ला नाशिक रोडला काही मिळेल का?